आरोग्य विम्याची लांबलचक पॉलिसी घरच्यांसाठी एका कागदावर कशी आणायची

आरोग्य विमा घ्यायचा की नाही, हे बहुतेक घरांत माहितीपत्रक बघून ठरतं. त्यात काय मिळतं ते ठळक छापलेलं असतं. काय मिळत नाही, कधीपासून मिळतं आणि मागायचं कसं, ते मात्र चाळीस-पन्नास पानांच्या पॉलिसीच्या मजकुरात असतं, आणि तो मजकूर सहसा इंग्रजीत असतो. घरातलं कोणीतरी एकजण तो वाचतो आणि बाकीच्यांना सांगतो. हा लेख त्या एकासाठी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पॉलिसीचा सारांश कलमांनुसार काढला, तर तो पुन्हा एक छोटी पॉलिसीच होतो आणि घरात कोणी वाचत नाही. सारांश माणसांनुसार काढायचा. कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय लिहायचं, आणि समोर तीन गोष्टी: काय कधीच मिळणार नाही, काय कोणत्या तारखेपासून मिळेल, आणि वेळ आली तर काय करायचं. कलम वाचताना दर वेळी विचारायचं, हे आपल्या घरात कोणाला लागू पडतं? कोणालाच नसेल तर पुढे जायचं.

उदाहरणासाठी इंदूरच्या रामबागेतलं एक घर धरू. आजी 68 वर्षांच्या, सात वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी “मोतीबिंदू पिकतोय, पुढे बघू” असं सांगितलेलं. बाबा 46, काही आजार नाही, रोज पीथमपूरला कारखान्यात जातात. आई 43, मागच्या वर्षी वेगळ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला, पण त्रास काही नाही. मुलगा 16 वर्षांचा, चष्म्याचा नंबर चार. चौघांसाठी मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी घ्यायचा विचार आहे, म्हणजे पाच लाख सगळ्यांत मिळून वापरायचे. सुरुवात 1 एप्रिल 2026 पासून धरू.

आधी कागद गोळा करा

माहितीपत्रक बाजूला ठेवा. हवेत ते कागद तीन: पॉलिसीचा पूर्ण मजकूर, म्हणजे पॉलिसी वर्डिंग, ग्राहक माहिती पत्रक, ज्याला सीआयएस म्हणतात, आणि कोरा प्रस्ताव अर्ज. हे तिन्ही कागद पॉलिसी घेण्याआधी मागता येतात. कंपनीच्या वेबसाइटवर ते बहुधा डाउनलोडच्या भागात असतात.

प्रत्येक योजनेला यूआयएन नावाचा एक लांब क्रमांक असतो. तो तुमच्या कोटेशनवर आणि पॉलिसीच्या मजकुरावर एकच आहे का, ते अक्षर न अक्षर जुळवून बघा. एकाच नावाच्या योजनेच्या जुन्या-नव्या आवृत्त्या चालू असतात, आणि जुनी पीडीएफ वाचून नवी पॉलिसी घेतली तर तुमचा सगळा कागद चुकीचा ठरतो.

सीआयएस चार-पाच पानांचं असतं. ते आधी वाचा, म्हणजे नकाशा डोक्यात बसेल, पण कागदावर लिहायचं ते मूळ मजकुरातूनच. सीआयएसमध्ये प्रत्येक मुद्द्यापुढे कलमाचा क्रमांक दिलेला असतो, तिथून मूळ कलमापर्यंत पोचता येतं. आणि आपल्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे कलम आणि पान लिहाच. घरात वाद झाला की “कुठे लिहिलंय?” हा प्रश्न येणारच आहे.

पहिल्या पानापासून वाचू नका

आधी व्याख्या वाचा. पॉलिसीत काही वगळलेल्या गोष्टी वगळल्याच्या यादीत नसतात, त्या व्याख्यांत असतात. सगळ्यात महत्त्वाची व्याख्या हॉस्पिटलची. हॉस्पिटलची सरकार दरबारी रीतसर नोंदणी असावी लागते. नाहीतर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा आणि इतरत्र किमान पंधरा खाटा, चोवीस तास नर्सिंग, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, अशा अटी पुऱ्या कराव्या लागतात. इंदूरची वस्ती दहा लाखांच्या कितीतरी वर आहे. म्हणजे नोंदणी नसलेलं बारा खाटांचं नर्सिंग होम देवासला चालेल, पण इंदूरला चालणार नाही. आपल्या घराजवळचं रुग्णालय ह्यात बसतं का, ते आत्ताच विचारून ठेवा.

दुसरी व्याख्या भरती होण्याची. सलग चोवीस तास दाखल असणं लागतं. मोतीबिंदूसारख्या, काही तासांत घरी सोडतात अशा उपचारांना डे केअर म्हणतात, आणि ते ह्या अटीतून सुटतात.

मग पीडीएफमध्ये `subject to`, `provided that` आणि `up to` हे शब्द शोधा. एका हाताने देऊन दुसऱ्याने परत घेणारी वाक्यं ह्याच शब्दांनी सुरू होतात. खोलीभाड्याची मर्यादा, मोतीबिंदूची मर्यादा, ज्येष्ठांचा को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा हिस्सा, सगळं ह्यातून सापडतं.

वगळलेल्या गोष्टी

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, नेहमीच्या वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली आहे आणि त्यांना `Excl01` ते `Excl18` असे क्रमांक दिले आहेत. त्यांतले पहिले तीन वेटिंग पिरियडचे आहेत, म्हणजे काही काळापुरते. `Excl04` पासून पुढचे कायमचे. हे एकदा कळलं की अर्धं काम झालं, कारण कोणत्याही कंपनीच्या पॉलिसीत हे क्रमांक त्याच अर्थाने येतात.

आपल्या घराला लावून बघू. `Excl15` म्हणतं की चष्म्याचा नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर तो घालवायचं ऑपरेशन मिळणार नाही. मुलाचा नंबर चार, म्हणून त्याच्या नावापुढे “लेझर: नाही” असं लिहून टाकायचं. `Excl04` म्हणतं की फक्त तपासण्यांसाठी भरती झालात तर पैसे नाहीत. हे आजींच्या नावापुढे लिहायचं, कारण “दोन दिवस ठेवून सगळ्या तपासण्या करून घेऊ” हे वाक्य म्हातारपणी फार ऐकू येतं. `Excl18` बाळंतपणाचं, ह्या घरात लागू नाही, सोडून द्या. नवं लग्न झालेलं जोडपं घरात असेल तर मात्र तीच पहिली ओळ. `Excl11` मध्ये कंपनीने नाकारलेल्या रुग्णालयांची गोष्ट आहे. ही यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. त्यात तुमच्या भागातलं नाव आहे का, ते बघायचं.

आता खरं बारकाईने वाचायचं ते अठरा क्रमांक संपल्यावर. तिथे कंपनीने स्वतःच्या वगळणुका घातलेल्या असतात, आणि त्यांना हे क्रमांक नसतात. बाह्यरुग्ण उपचार, दातांचे उपचार, श्रवणयंत्र अशा गोष्टी तिथे सापडतात. ह्या ओळी संक्षेप न करता जशाच्या तशा उतरवा आणि खाली मराठीत अर्थ लिहा. सारांश काढताना “शक्यतो”, “बहुधा” असे शब्द आपोआप शिरतात आणि अट मवाळ वाटायला लागते.

वेटिंग पिरियड: घड्याळं तीन, आणि ती एकत्र चालतात

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश जाऊ.

पहिलं घड्याळ तीस दिवसांचं, `Excl03`. सुरुवातीच्या तीस दिवसांत आजारपणाचं काहीच मिळत नाही, अपघात सोडून. आपल्या घरासाठी 1 मे 2026 पासून हे संपलं. बाबा पीथमपूरच्या रस्त्यावर गाडीवरून पडले, तर ते मात्र पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे.

दुसरं घड्याळ ठरावीक आजारांचं, `Excl02`. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, मूतखडे, गर्भाशय काढणं, सांधेबदल असे आजार ह्या यादीत सहसा असतात. आपल्या नमुन्यात हे चोवीस महिने धरू, म्हणजे 1 एप्रिल 2028. लोकांना वाटतं की हे आधीपासून आजार असलेल्यांसाठी आहे. तसं नाही. बाबांना आज काहीही नाही. डिसेंबर 2026 मध्ये हर्निया झाला तरी ऑपरेशनचे पैसे मिळणार नाहीत. आजार पॉलिसीनंतर झाला असला तरी यादीत आहे, एवढं पुरे. अपघातामुळे झालेला असेल तरच ह्यातून सुटका.

तिसरं घड्याळ आधीपासूनच्या आजाराचं, `Excl01`. 2024 पासून नियमानुसार हे छत्तीस महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही; काही कंपन्या कमी ठेवतात. आपण छत्तीस धरू, म्हणजे 1 एप्रिल 2029. आधीपासूनचा आजार कोणता? पॉलिसी सुरू होण्याआधीच्या छत्तीस महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, ज्यासाठी सल्ला किंवा उपचार सांगितले किंवा घेतले, तो. त्रास होत होता का, हा प्रश्नच नाही. आईचा खडा सोनोग्राफीच्या कागदावर आहे, म्हणून तो आधीपासूनचा. आजींचा मोतीबिंदूही तसाच, नुसतं “पुढे बघू” म्हटलेलं असलं तरी.

आता आईचा खडा दुसऱ्या घड्याळातही बसतो आणि तिसऱ्यातही. कलमातच लिहिलेलं असतं की अशा वेळी दोन्हींतलं मोठं धरायचं. चोवीस आणि छत्तीस मिळून साठ होत नाहीत. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात. म्हणून आईच्या नावापुढे “पित्ताशयाचा खडा: 1 एप्रिल 2029 पासून”. आजींपुढे “मोतीबिंदू: 1 एप्रिल 2029”, “शुगर आणि तिच्यामुळे थेट होणारे आजार: 1 एप्रिल 2029”.

“थेट होणारे” हा भाग लिहायला विसरू नका. शुगरमुळे पायाची जखम चिघळली, मूत्रपिंडावर परिणाम झाला, तर तेही ह्याच घड्याळात धरलं जातं. पण सप्टेंबर 2026 मध्ये आजींना डेंगी झाला तर? तीस दिवस संपलेत, डेंगी यादीत नाही आणि शुगरमुळे होत नाही. म्हणून मिळायला हवं. असे दोन-तीन प्रश्न घरातल्या प्रत्येकासाठी स्वतः विचारून कागदावर उत्तर लिहा. सारांश खरा आहे का, ते ह्याच्यावरूनच कळतं.

ही घड्याळं पुन्हा शून्यावर कधी येतात, तेही एका ओळीत नोंदवा. वार्षिक हप्ता भरायला तीस दिवसांची सवलत असते; ती उलटली तर सलगता तुटते. आणि पुढे पाच लाखांचे दहा लाख केले, तर वाढीव पाच लाखांसाठी घड्याळ नव्याने सुरू होतं. चालू पॉलिसी रीतसर दुसऱ्या कंपनीकडे नेली, म्हणजे पोर्ट केली, तर मात्र सरलेला काळ सोबत येतो.

प्रस्ताव अर्ज

`Excl01` मध्ये एक बारीक अट आहे: मुदत संपल्यावर आजार धरला जाईल, पण तो अर्जात सांगितलेला आणि कंपनीने मान्य केलेला असेल तर. म्हणून अर्ज स्वतः भरा किंवा भरलेला पूर्ण वाचून मगच सही करा. एजंट घाईत सगळ्या खुणा “नाही” वर करून टाकतो आणि सांगतो की पुढे काही अडत नाही. अडतं ते असं: आजी भरती होतात, निवासी डॉक्टर विचारतात, “शुगर कधीपासून?” आजी खरं ते सांगतात, “सात वर्षं.” ते केसपेपरवर लिहिलं जातं. कंपनी केसपेपर आणि अर्ज शेजारी ठेवते. सलग साठ महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे खरं; पण ती पाच वर्षं कशी जातील ते कोण सांगणार? आजार, किती वर्षं आणि कोणती गोळी, हे डॉक्टरांच्या कागदावरून बघून लिहा.

क्लेमच्या पायऱ्या

क्लेमचं प्रकरण वाचून त्याचे दोन भाग करा: ठरवून भरती आणि अचानक भरती.

ठरवून असेल तर बऱ्याच पॉलिसींत अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं असतं. कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयात कॅशलेसचा, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याचा, फॉर्म तिथल्या टीपीए खिडकीवर भरतात. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी संस्था. पॉलिसीचं कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. हे दोन आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. खिडकीवर ताटकळत बसलेल्या माणसाला ते माहीत असले पाहिजेत.

अचानक भरती असेल तर साधारण चोवीस तासांत कळवायचं. कळवल्याचा नंबर मिळतो, तो लिहून घ्यायचा. करार नसलेल्या रुग्णालयात आधी आपण पैसे भरायचे आणि मग मागायचे. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं मूळ प्रतीत ठेवायचं. कागद किती दिवसांत द्यायचे ते पॉलिसीत बघा. डिस्चार्जनंतर तीस दिवस ही मुदत पुष्कळ ठिकाणी असते.

आता एक क्लेम कागदावरच चालवून बघा. मर्यादा खऱ्या अर्थाने कळायला दुसरा मार्ग नाही. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन, जून 2029. वेटिंग संपलेलं आहे. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज 5,000. पण खोली घेतली 8,000 ची, तीन दिवस. बिल असं: खोली 24,000, सर्जन, भूल, थिएटर आणि नर्सिंग 96,000, औषधं आणि साहित्य 30,000, तपासण्या 10,000. एकूण 1,60,000.

घरच्यांचा अंदाज असतो की खोलीचे वरचे 9,000 आपल्याला पडतील. तसं होत नाही. खोली मर्यादेबाहेरची घेतली की सर्जन, थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. 8,000 पैकी 5,000, म्हणजे 62.5 टक्के. खोलीचे मिळाले 15,000, आणि 96,000 पैकी 60,000. औषधं, साहित्य आणि तपासण्या ह्यांवर ही प्रमाणातली कपात करता येत नाही; पण साहित्यातल्या, कंपनी ज्यांचे पैसे देत नाही अशा वस्तूंचे 5,000 धरले तर तिथून मिळाले 25,000. तपासण्यांचे पूर्ण 10,000. हाती आले 1,10,000, आणि घरातून गेले 50,000. त्यातले 36,000 केवळ खोलीच्या निवडीमुळे आलेल्या प्रमाणाचे. जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही, तिथे ही कपात लावता येत नाही. म्हणून कागदावर “खोली 5,000 पर्यंतचीच मागा” असं आदेशासारखं लिहा, कारण भरतीच्या रात्री खोली कोण निवडेल ते आज सांगता येत नाही.

क्लेम नाकारला गेला तर नकार कलमाच्या क्रमांकासह लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत.

मग घ्यायची का?

कागद पुरा झाला की जे कळलं नाही ते वेगळं काढा. “मोतीबिंदूची मर्यादा एका डोळ्याची की दोन्हींची मिळून?” असे प्रश्न असतील. ते ईमेलने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. एजंटने फोनवर दिलेलं उत्तर कागदावर चढवू नका.

आता आपल्या घराचा कागद बघा. आजींच्या रांगेत जवळजवळ सगळं 1 एप्रिल 2029 नंतरचं आहे. शिवाय ह्या पॉलिसीत साठीनंतर सामील होणाऱ्यांना वीस टक्के को-पे आहे असं धरा, म्हणजे मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा आपलाच. आणि फ्लोटरचा हप्ता सहसा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणून आजींमुळे चौघांचा हप्ता वाढतो. दुसरीकडे, आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. आजी 2028 मध्ये सत्तर पूर्ण करतील, म्हणजे ह्या पॉलिसीचं त्यांचं घड्याळ संपण्याआधी.

माझं मत असं की ह्या घराने आई, बाबा आणि मुलगा ह्यांची फ्लोटर घ्यावी, आणि आजींसाठी वेगळी, कमी वेटिंगची पॉलिसी शोधावी. ती परवडत नसेल तर तो हप्ता दर महिन्याला आजींच्या नावाने बाजूला ठेवावा, मोतीबिंदूसाठी तो उपयोगी पडेल, आणि सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान कार्ड काढावं. आजींना डेंगी किंवा अपघात झाला तर ह्या दोन वर्षांत ही निवड महाग पडू शकते. ते घरात बोलून, आजींसमोरच ठरवावं. आईच्या खड्याबद्दल सर्जनचं मत आत्ताच घ्या. ते म्हणाले की वर्षभरात काढावं लागेल, तर त्या खर्चाची तयारी पॉलिसीबाहेर करायची आहे.

पॉलिसी हातात आली की पहिलं काम: तिच्यासोबतचं शेड्यूल, म्हणजे तुमच्या घराचा तपशील असलेलं पान, काढा आणि आपला कागद शेजारी ठेवून नावं, वयं, जाहीर केलेले आजार, सुरुवातीची तारीख आणि कंपनीने कोणासाठी वेगळी अट चढवली आहे का, ते जुळवा. पटलं नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो.